वर्ष चित्रातच लिहा

२०२५ च्या वारीत तुकोबारायांची पालखी अजून यवतच्या अलीकडे होती, आणि मला फोन यायला लागले, "दादा, बेलवडीचं रिंगण आज झालं का? आम्ही उद्या निघणार होतो." झालं असं होतं, की माझ्या २०२४ च्या व्हिडिओतला अश्व धावतानाचा तुकडा कुणीतरी कापून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला होता आणि वर 'आज बेलवडीत' असं लिहिलं होतं. भिगवणकडच्या काही बायकांनी तर त्या भरवशावर ठरलेला टेम्पो रद्द केला. माझ्या शीर्षकात वर्ष होतं, वर्णनात तारीख होती. पण तुकडा पुढे जातो तेव्हा शीर्षक जागेवरच राहतं, पुढे जातं ते फक्त चित्र. जुना पालखीचा व्हिडिओ पुन्हा वापरायचा असेल तर आधी चित्रातच वर्ष लिहायचं, बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

वारीच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं, कारण आपला सण तिथीवर चालतो. आषाढी एकादशी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला आणि २०२५ ला ६ जुलैला. त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवरून यंदाचा अंदाज बांधताच येत नाही, आणि जुन्या वर्णनातली तारीख वाचून माणूस हमखास चुकतो. देहूच्या संस्थानाने जाहीर केलेला यंदाचा कार्यक्रम हातात आल्याशिवाय मी एक ओळही लिहीत नाही.

दुसरं म्हणजे, जुनं चित्रण स्वतःच आपलं वर्ष सांगतं, आणि आपल्या भागातली माणसं ते लगेच ओळखतात. २०२३ ला पाऊस लांबला होता, पालखी आली तेव्हा कडेची रानं कोरडी होती. २०२५ ला मे महिन्याच्या शेवटीच बारामती-इंदापूरला इतका पाऊस झाला की जूनमध्ये बांध हिरवे होते. पालखी मार्गाचं रुंदीकरण झाल्याने कालपर्यंत दिसणारी झाडं आज जागेवर नाहीत. शिवाय चौकाचौकातले स्वागताचे फलक, त्यांवरचे चेहरे आणि तारखा. काटेवाडीचा माणूस असं दृश्य बघून दोन सेकंदांत म्हणतो, हे मागचंच की! आणि एकदा तसं म्हटलं की तो पुढचं बघत नाही. जुनं असण्याचा त्याला राग नसतो, नवं म्हणून दाखवल्याचा असतो.

म्हणून पहिलं काम छाटणीचं. जुना व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा आणि दोन भाग करायचे: कुठल्याही वर्षी खरं राहणारं, आणि त्या वर्षापुरतं. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती फेरा धरतात. बेलवडीत पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतात. सराटीला नीरेत पादुकांना स्नान होतं. हे दरवर्षीचं आहे. गर्दी, चिखल, कोण पुढारी आला, किती वाजता पोचली, हे त्या वर्षाचं. मला बहुतेक वेळा दुसरा भाग पूर्ण काढावा लागतो. पहिल्यातही माणसं असतात, म्हणून दिंडीतल्या ओळखीच्यांना तो आधी दाखवतो. एकदा एका विणेकरी बाबांचं जवळून घेतलेलं दृश्य होतं. दिंडीवाल्यांनी सांगितलं, बाबा गेले. त्यांच्या मुलाला विचारल्याशिवाय ते लावलं नाही. तो म्हणाला, लावा, पण त्यांचं वर्ष खाली लिहा.

पण छाटलेला जुना तुकडा तेवढ्याने ताजा होत नाही. त्याला नवा प्रश्न लागतो, एकच, आणि मागच्या वर्षी न विचारलेला. २०२४ चा माझा व्हिडिओ पालखी काटेवाडीत कशी येते हे दाखवणारा होता. २०२५ ला मी फक्त पायघड्यांबद्दल विचारायचं ठरवलं: धोतरं कुणाची, आधी कोण धुतं, मागची उचलून पुढे कोण नेतं, लहान पोरांना हे कोण शिकवतं. त्यासाठी पालखी यायच्या आधीच घरी जाऊन बोललो. पालखी देहूहून निघाल्यापासून बारामतीला पोचेपर्यंत साधारण आठवडा जातो. त्या आठवड्यात इकडे पालखीचं नवं दृश्य मिळणं शक्यच नसतं, आणि लोक मात्र वाट बघत असतात. जुनं चित्रण वापरायची खरी हक्काची वेळ हीच.

शॉर्ट बनवताना सुरुवात नव्या दृश्याने केली: अंगणात घडी घातलेली धोतरं आणि एका आजोबांचा आवाज. पहिल्या पाच सेकंदांत जुनं काहीही नाही, कारण बघणारा तिथेच ठरवतो. मग त्यांच्या बोलण्याला जुळतील तिथेच २०२४ चे तुकडे, सगळे मिळून एक तृतीयांशापेक्षा कमी. प्रत्येक जुन्या तुकड्यावर, तो दिसतो तितका वेळ, 'काटेवाडी, २०२४' हे शब्द. ते वरच्या बाजूला ठेवतो, कारण शॉर्टमध्ये खालच्या भागावर शीर्षक आणि उजवीकडे बटणं येतात. कुणी वरची पट्टी कापली तर वर्षही जातं, म्हणून अक्षरं अगदी कडेला न चिकटवता चित्रात जरा आत घेतो.

उभ्या मापात आणताना एक अडचण येते. आडव्या चित्राचा जेमतेम एक तृतीयांश रुंदीचा भाग उभ्या चौकटीत उरतो. पायघड्यांची लांब पट्टी त्यात छान बसते. रिंगण बसत नाही. अश्व चौकटीबाहेर पळतो आणि गोल दिसतच नाही. रिंगणाचं जुनं चित्रण म्हणून आडवंच ठेवावं, त्याचं शॉर्ट करायच्या मागे लागू नये.

जुना मूळ व्हिडिओ मात्र काढायचा नाही. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी फाइल चढवता येत नाही; काढून पुन्हा टाकला तर दुवा, बघितल्याची संख्या आणि खालची सगळी बोलणी जातात, आणि गावोगावच्या गटांत फिरलेले दुवे मरतात. शीर्षक, वर्णन, मुखचित्र बदलता येतं, नको तो भाग स्टुडिओत कापताही येतो. मी शीर्षकातलं २०२४ तसंच ठेवलं, वर्णनाच्या पहिल्या ओळीत यंदाचा कार्यक्रम कुठे बघायचा ते लिहिलं, आणि नव्या शॉर्टमधून 'संबंधित व्हिडिओ' म्हणून जुन्याला जोडलं. ज्याला पूर्ण सोहळा बघायचा तो तिकडे जातो.

आवाजाचंही सांगतो. जुन्या चित्रावर कंपनीच्या ध्वनिमुद्रणातला अभंग चढवला तर हक्काचा दावा येऊ शकतो, आणि वर्षही लपतं. टाळ, पखवाज आणि 'आली आली' म्हणणाऱ्या पोरांचा जागेवरचा आवाज पुरतो.

आता चित्रीकरण करतानाच मी पुढच्या वर्षाची सोय करतो. प्रत्येक दृश्याआधी आणि नंतर कॅमेरा न हलवता दहा सेकंद जादा घेतो, मध्ये न बोलता. बेलवडीत दरवेळी त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर तिकाटणं लावतो, म्हणजे दोन वर्षं शेजारी ठेवून बघता येतात. फलक नसलेली एक बाजू वेगळी घेतो. आणि फाइलच्या नावातच वर्ष आणि गाव घालतो, कारण बारा महिन्यांनी पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीत कुठलं गाव ते मलाही ओळखू येत नाही.