रोजचे एकोणनव्वद रुपये

माझी एसआयपी जानेवारी 2017 मध्ये सुरू झाली. बँकेतला ओळखीचा माणूस घरी आला, चहा घेतला, आणि 'सर, इथे सही करा' म्हणाला. मी केली. फॉर्मवर 'ग्रोथ' लिहिलेलं मी नीट वाचलं, आणि वाचायचं तेवढं वाचलं असं समजून बसलो. त्याच ओळीत थोडं अलीकडे 'रेग्युलर प्लॅन' असंही छापलेलं होतं. ग्रोथ हा पैसे वाढत ठेवण्याचा पर्याय, तर रेग्युलर म्हणजे मधल्या माणसाचं कमिशन धरलेला प्लॅन. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे कळायला मला जवळपास आठ वर्षं लागली.

तेही कळलं एका ईमेलमुळे. सगळ्या फंडांचं मिळून सहामाही खातेविवरण येतं, ते मी कधी उघडत नसे. ऑक्टोबर 2024 मध्ये उघडलं, तर त्यात वितरकाला दिलेल्या कमिशनचा रकाना होता. सहा महिन्यांचे सात हजारांवर. मी तर कुणाला चेक दिला नव्हता!

हा खर्च दिसत नाही, कारण तो खात्यातून वजा होत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच कापला जातो. माझ्याकडे तेव्हा 18 लाख होते आणि फंडाचं खर्चाचं प्रमाण, ज्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात, 1.8 टक्के. म्हणजे वर्षाला 32,400, रोजचे एकोणनव्वद रुपये. त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये 0.9 टक्के, रोजचे साधारण चव्वेचाळीस. फंड मॅनेजर तोच, शेअर तेच. दुधाचा हिशेब महिनाअखेर पै-पै जुळवणारा मी, इथे मात्र झोपलो होतो.

सेबीच्या आदेशाने 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो. तेव्हापासून चालू असलेला कुठलाही जुना फंड घ्या आणि दोन्ही प्लॅनच्या एनएव्ही शेजारी शेजारी ठेवून पाहा. डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसेल. सुरुवात एकाच आकड्यापासून झाली होती, त्यामुळे आजचा फरक म्हणजे इतक्या वर्षांचा साचलेला खर्चच. एनएव्ही जास्त म्हणून डायरेक्ट 'महाग' नसतो. युनिट कमी मिळतात, पण रक्कम तीच राहते.

एक टक्का म्हणजे किती, हे लवकर कळत नाही. एक लाख एकदाच गुंतवले आणि रेग्युलरमध्ये दरसाल 10 टक्के, डायरेक्टमध्ये 11 टक्के मिळाले असं धरू. दहा वर्षांनी फरक साडेचोवीस हजारांचा, वीस वर्षांनी एक लाख तेहतीस हजारांचा. तीस वर्षांनी एकीकडे 17.45 लाख आणि दुसरीकडे 22.89 लाख, म्हणजे मूळ रकमेच्या पाचपटीहून जास्त फरक. कापला गेलेला रुपया तर जातोच, शिवाय त्याने पुढे कमावलं असतं तेही जातं.

मग मी रागाच्या भरात सगळं एका दिवसात डायरेक्टमध्ये वळवायला निघालो. सीए असलेल्या मेहुण्याने थांबवलं. 'भाऊजी, स्विच म्हणजे आधी विक्री आणि मग खरेदी. कर लागेल.' माझा नफा साडेआठ लाखांच्या घरात होता. जुलै 2024 पासून वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिटांवर सव्वा लाखापुढच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे. म्हणजे नव्वद हजारांच्या आसपास गेले असते. वर्षभराच्या आतल्या हप्त्यांवर जादा दराचा कर आणि बहुतेक एक टक्का एक्झिट लोड वेगळाच.

म्हणून आधी जुनी एसआयपी बंद करून तीच रक्कम डायरेक्टमध्ये सुरू केली. याला कर लागत नाही, आणि नवा पैसा तरी त्या दिवसापासून सुटतो. मग मार्चमध्ये सव्वा लाख नफा होईल एवढीच जुनी युनिटं वळवली आणि नवं आर्थिक वर्ष लागताच एप्रिलमध्ये पुन्हा तेवढीच. जुन्या युनिटांची विक्री आधी धरली जाते, त्यामुळे दोन महिन्यांत चारेक लाख करमुक्त सरकले. ईएलएसएस असेल, तर तीन वर्षांचा लॉक-इन संपेपर्यंत हात लावता येत नाही. बाकीची रक्कम दरवर्षी थोडी थोडी सरकवतो आहे.

त्या बँकवाल्यावर माझा राग नाही. मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला तेव्हा त्याने मला विकू दिलं नाही, हेही खरंच. असा माणूस हवा असेल तर जरूर ठेवावा, पण त्याचा मेहनताना आपल्याला माहीत असावा. ठरावीक फी घेणारे सेबी-नोंदणीकृत सल्लागारही असतात. ही फी रकमेबरोबर वाढत नाही.

परवा पुतणीला नोकरी लागली आणि ती पहिल्या एसआयपीचा फॉर्म घेऊन आली. योजनेच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'Reg' होतं. मी चष्मा लावून तिला ती तीन अक्षरं दाखवली. ती पंचवीसची आहे.