दुधाने कॉफीचा जोर मरतो काय?

तेलगावसारख्या आपल्या मराठवाड्यातील गावांत घरोघरी चहाचे राज्य आहे. कॉफी आठवते ती पाहुणे आल्यावर किंवा परीक्षेच्या जागरणात, आणि तीही बहुधा सगळ्या दुधाची. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, "दूध घातलेस की कॉफीचा जोर गेला!" या समजुतीत तथ्य किती ते पाहू.

झोप उडविण्याचे काम कॉफीतील कॅफीन करते. दुधामुळे त्याचा नाश होत नाही. दोन ग्रॅम शुद्ध इन्स्टंट कॉफीत सुमारे साठ मिलिग्रॅम कॅफीन असते. ती पूड अर्धा कप पाण्यात घाला किंवा पूर्ण कप दुधात. कप संपविल्यावर पोटात तेवढेच साठ मिलिग्रॅम जातात. मात्र दुधाने कडूपणा सौम्य होतो व जिभेला कॉफी फिकी वाटते. कडूपणा म्हणजेच जोर, ही खरी चूक आहे. कारण कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच असतो.

मग कधी कधी कॉफी पिऊनही डोळे का मिटतात? त्याचे एक कारण डब्यावरच छापलेले असते. आपल्याकडील पुष्कळशा कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन मुळीच नसते. नियमानुसार मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. सत्तर टक्के कॉफी व तीस टक्के चिकोरी असेल, तर दोन ग्रॅम पुडीत साठाऐवजी सुमारे बेचाळीसच मिलिग्रॅम कॅफीन येते. म्हणजे दोष येतो चिकोरीचा, आणि आळ दुधावर!

ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. कॉफीत क्लोरोजेनिक आम्ले असतात व दुधातील केसीन हे प्रथिन त्यांना काही प्रमाणात बांधून ठेवते. ही बांधणी पोटात सुटते काय, याविषयी प्रयोगांची साक्ष निराळी पडते. २०१० साली नऊ निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात दुधामुळे रक्तात उतरलेल्या एकूण द्रव्यांत फरक आढळला नाही. २०११ साली ब्राझीलमधील प्रयोगात पाच जणांची लघवी तपासली गेली. पाण्यातील कॉफीनंतर घेतलेल्या आम्लांपैकी सरासरी ६८ टक्के अंश लघवीत मिळाला, दुधातील कॉफीनंतर ४० टक्के. परंतु माणसामाणसांत फरक मोठा होता आणि माणसे अवघी पाच. शिवाय लघवीत द्रव्य कमी मिळाले म्हणून प्रकृतीचा लाभ कमी झाला, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तात्पर्य, दुधाने कॅफीन घटत नाही. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचे शोषण घटत असेलही, पण ते अद्याप निश्चित झालेले नाही. जागरणासाठी कॉफी करणाऱ्याने दुधाचे माप पाहण्याआधी डब्यावरील चिकोरीचे प्रमाण वाचावे.