निरोपाचे दोन शब्द

[गणिताचे एक शिक्षक शाळेतून निवृत्त झाले. निरोपसमारंभात सत्काराला उत्तर देताना त्यांनी केलेले हे भाषण.]

अध्यक्षमहाराज, सहकारी बंधुभगिनींनो आणि विद्यार्थिमित्रांनो,

आपण माझे गुण वर्णिलेत. एका दुर्गुणाविषयी मात्र सौजन्याने मौन पाळलेत. ते मौन आज मीच मोडतो. बावीस वर्षे मी रोज पंधरा-वीस विड्या ओढीत असे.

चार वर्षांपूर्वी एकदा जिना चढून वर्गात आलो आणि प्रमेयाचे एक वाक्य सांगताना मला दोनदा थांबावे लागले. पहिल्या बाकावरचा मुलगा न सांगता पाणी घेऊन आला. त्याच दिवशी मी विडी सोडली.

परंतु तंबाखूतील निकोटीनला सरावलेले शरीर ते मागतच राहते. पहिले तीन-चार दिवस डोके दुखे, झोप लागेना. हजेरीपटातील क्षुल्लक चुकीवरून मी आपल्या लेखनिकांना टाकून बोललो. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हा राग तुमचा नव्हे, विडीचा आहे. काही आठवड्यांत ओसरेल." त्यांचे म्हणणे खरे ठरले.

मधल्या सुट्टीतील चहा ही सर्वांत कठीण वेळ. कारण चहा आणि विडी यांची माझ्या मनात जोडीच जमली होती. चित्रकलेचे शिक्षक स्वतः ओढणारे. पण माझ्यासमोर त्यांनी विडी पेटवणे बंद केले. तल्लफ आली की ते मला मैदानावर नेत आणि घड्याळ पाहायला सांगत. पाच-सात मिनिटांत ती उतरे. तल्लफ मोडायची नसते, तेवढा वेळ टाळायची असते, हे मी तेथे शिकलो.

तरीही एकोणिसाव्या दिवशी एका लग्नात कोणी विडी पुढे केली आणि मी ती ओढली. सारे व्यर्थ गेले असे वाटले. दुसऱ्या दिवशी शिपाईमामांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पोराचं एक गणित चुकलं तर तुम्ही पाटी फोडता का?" मग मी चूक कोठे झाली ते शोधले. नकाराचे शब्द माझ्याजवळ तयार नव्हते. तेव्हापासून मी 'सोडतो आहे' असे न म्हणता 'मी ओढत नाही' असे म्हणू लागलो.

आज जिना चढताना मला थांबावे लागत नाही. परंतु फुप्फुसांची झालेली सर्व हानी भरून येत नाही, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे. आपण मला दिलेली शाल मी जपेनच. पण आपण परत मिळवून दिलेला श्वास ही त्याहून मोठी भेट आहे. आपला ऋणी आहे.

स्वाध्याय
१. लेखनिकांनी रागाचे कारण कोणते सांगितले?
२. 'पाटी फोडता का?' या प्रश्नातून शिपाईमामांना काय सुचवायचे होते?
३. 'सोडतो आहे' आणि 'ओढत नाही' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.