हप्ता तोच, मग व्याज कमी कसं होतं?

मागच्या महिन्यात बाबांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. घराच्या कर्जाचा परतफेडीचा तक्ता आणि खाली वीस वर्षांचे वीस उभे स्तंभ. पाठोपाठ फोन आला, "वर्षभरात १ लाख ८ हजार भरले आणि कर्ज फक्त १९ हजारांनी उतरलं! बँकेचं काही चुकलंय का? तू इंजिनीअरिंगला आहेस ना, बघ जरा." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'मुद्दल' म्हणजे काय हे मला आधी आईला विचारावं लागलं. मग वही घेऊन बसले.

कर्ज १० लाखांचं, व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ८,९९७ रुपये. ९ टक्के भागिले १२ म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. १० लाखांवर पाऊण टक्का ७,५००. हप्त्यातून ते वजा केले की मुद्दलात जातात फक्त १,४९७. दुसऱ्या महिन्यात बाकी ९,९८,५०३, तिच्यावर व्याज ७,४८९, म्हणून मुद्दलात १,५०८. बस, एवढंच! बँक 'आधी व्याज वसूल करते' असं आपण म्हणतो, पण खरं तर व्याज फक्त उरलेल्या बाकीवर लागतं. सुरुवातीला बाकी मोठी, म्हणून व्याजही मोठं.

आता आलेख बघा. सगळे स्तंभ सारख्याच उंचीचे आहेत, कारण हप्ता बदलत नाही. खालचा गडद भाग व्याजाचा, वरचा फिका भाग मुद्दलाचा. दोघांमधली रेघ सरळ उतरत नाही, वाकत जाते. कारण मुद्दलाचा भाग दर महिन्याला १.००७५ पट होतो. आपली अकरावीची भूमिती श्रेढीच ती. त्यामुळे दहा वर्षांनंतरही ७ लाख १० हजार बाकी असतात. मुद्दल व्याजाच्या पुढे जातं ते थेट १४९व्या हप्त्याला, म्हणजे तेराव्या वर्षी. शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं फक्त ६७ रुपये.

म्हणजे चूक कुठेच नव्हती. पण यातून एक गोष्ट कळली. बाबांच्या हातात बोनसचे ५० हजार होते. ते आत्ताच, एका वर्षानंतर, कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेल्या २२८ हप्त्यांचे २०१ होतात. २७ हप्ते वाचले, म्हणजे जवळजवळ २ लाख ४३ हजार! हेच पैसे अठराव्या वर्षी भरले तर फायदा अगदी थोडा, कारण तेव्हा व्याजच फारसं उरलेलं नसतं.

मात्र हा तक्ता व्याजदर तोच राहिला तरच खरा. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की बऱ्याचदा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते. म्हणून मी बाबांना सांगितलं, "पैसे भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या, आणि नवा तक्ता मागून घ्या. त्याची शेवटची ओळ आधी बघा."

नव्या तक्त्याचा फोटो परवाच आला. शेवटची ओळ २०१चीच आहे.