पाकिटावर नाव छापण्याआधी

भाजणी, गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी पाकीटबंद करून महाराष्ट्राबाहेर विकायची, असं ठरल्यावर आम्ही तिघांनी सगळ्यात आधी नाव निवडलं : ‘चूल’. छोटं, घरगुती, ऐकताच स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणणारं. पाकिटाचं डिझाइन झालं. पाउचच्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरून घ्यावा लागतो, आणि नाव बदललं की नाव असलेले सिलिंडर पुन्हा करावे लागतात. ती ऑर्डर द्यायच्या बेतात असताना नमुन्याचं पाकीट शेजारच्या बंगाली काकूंना दाखवलं. त्या बरीच वर्षं पुण्यात आहेत, मराठी छान बोलतात. पाकिटावरचं ‘Chul’ वाचून म्हणाल्या, ‘‘अगं, चूल म्हणजे आमच्यात केस! खायच्या पाकिटावर केस कशाला लिहिलास?’’

सिलिंडर थांबवले आणि इतर भाषांत चौकशी सुरू केली. हिंदीत तरुण मुलांच्या बोलण्यात ‘चुल’ म्हणजे खाज, काहीतरी उचापत करण्याची खुमखुमी. तमिळ माणसाने हेच नाव आपल्या लिपीत சூல் असं लिहिलं, तर शब्दाच्या सुरुवातीचा ‘च’ ‘स’सारखा उच्चारला जाऊन ‘सूल’ होतं, आणि त्याचा अर्थ गर्भ. यातलं काहीही शब्दकोश न उघडता, त्या त्या भाषेच्या माणसाला विचारून कळलं. शब्दकोशात केस सापडला असता. खाज सापडेलच याची खात्री नव्हती.

तेव्हापासून नावाची परीक्षा कशी घ्यायची याची एक पद्धत बसली आहे. नव्याने उद्योग सुरू करणारं कुणी विचारायला आलं की मी तीच सांगते. कागदाच्या पट्टीवर नाव फक्त इंग्रजी अक्षरांत लिहायचं. चित्र नाही, लोगो नाही, पदार्थाचा उल्लेखही नाही. मसाल्याचं चित्र दिसलं की माणूस आपल्याला सांभाळून घेतो, अर्थ जुळवून घेतो. पट्टी देऊन आधी मोठ्याने वाचायला सांगायचं आणि आपण उच्चार करून दाखवायचा नाही. मग ‘नाव कसं वाटतं?’ असं न विचारता, ‘हे ऐकून पहिल्यांदा काय आठवलं?’ एवढंच विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘छान आहे’ म्हणतात. प्रत्येक भाषेत किमान दोन माणसं हवीत : एक घर चालवणारी वयस्क बाई आणि एक कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी. वाईट अर्थ बहुतेकदा कॉलेजातल्या पोरांना आधी कळतो, आणि मोठ्यांसमोर ते बोलत नाहीत, म्हणून दोघांना वेगवेगळं विचारायचं.

दुसरी परीक्षा फोनवरची. आपण नाव एकदाच उच्चारायचं आणि समोरच्याने ते मोबाइलच्या सर्चमध्ये टाइप करायचं. गिऱ्हाईक तोंडी ऐकलेलं नावच शोधत येतं, म्हणून मला ही परीक्षा पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. आमचं दुसरं नाव इथेच पडलं. ‘वाटण’ : मराठी माणसाला त्यात ओलं खोबरं, लसूण, पाटा-वरवंटा सगळं दिसतं. इंदूरच्या मैत्रिणीने ते ऐकून Vatan असं टाइप केलं आणि तिच्याच घरच्यांनी ते ‘वतन’ म्हणून वाचलं. अर्थ वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण सर्चमध्ये देशभक्तीची गाणी यायला लागली आणि आमचा मसाला त्यांच्याखाली कुठेतरी गाडला गेला. बंगालीत ‘व’ हा उच्चारच नाही, तिथे तो ‘ब’ किंवा ‘भ’ होतो. तमिळ लिपीत ‘ट’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर आहे आणि दोन स्वरांमध्ये आलं की ते ‘ड’ वाचलं जातं, म्हणून तिथे ‘वाडण’. एका नावाची चार नावं झाली, तर एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचणार कसं?

‘ळ’ असलेल्या नावांचा मोह आपल्याला फार पडतो, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ‘पोळी’ हे नाव घ्या. इंग्रजीत ते Poli होतं, कारण ‘ळ’साठी रोमन अक्षरच नाही. आता हे Poli तमिळ माणसासमोर ठेवा. त्यांच्याकडे போளி म्हणजे पुरणपोळीसारखाच गोड पदार्थ. पण ‘ळ’ऐवजी ‘ल’ घेऊन போலி लिहिलं की अर्थ होतो नकली, बनावट. इंग्रजी अक्षरांत दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, आणि दुकानदाराने फळ्यावर चुकीचं अक्षर लिहिलं तर आपणच आपल्या मालाला बनावट म्हणवून घेऊ. गंमत म्हणजे मलयाळम तरुणांच्या बोलीत ‘पोळी’ म्हणजे ‘एकदम भारी’. कोचीत शाबासकी, चेन्नईत फसवणूक. हिंदीभाषकांच्या जिभेवर ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्यामुळे उत्तरेतही मूळ उच्चार टिकत नाही.

सगळ्या भाषांत निष्कलंक उतरणारं नाव मिळत नाही. मिळेल या आशेवर वर्ष घालवू नये. माझा निकष सोपा आहे. केस, किडा, घाण, रोग, शिळं, नकली आणि शिवी, यांतलं काही एका जरी भाषेत निघालं, तर नाव सोडायचं. बाकीचे अर्थ चालतील. तेलुगूत ‘गोडा’ म्हणजे भिंत. भिंतीने मसाल्याचं काही बिघडत नाही. उच्चार थोडा वाकडा होत असेल आणि टाइप केल्यावर आपणच सापडत असू, तर तोही चालेल. टिकणारी नावं बहुधा दोन-तीन अक्षरांची असतात. त्यांत म, न, र, ल यांसारखी व्यंजनं आणि स्पष्ट आ, ई असतात, आणि जोडाक्षर, ळ, ण किंवा ख-घ-भ-ढ नसतात. नावात ‘th’ आलं तरी जपा. आपण ते ‘थ’ वाचतो, दक्षिणेत तेच ‘त’ असतं.

मग मराठीपण कुठे ठेवायचं? पाकिटाच्या दर्शनी भागावर खाद्यपदार्थाचं नाव लिहिणं एफएसएसएआयच्या लेबलिंगच्या नियमांनुसार बंधनकारक आहेच. तिथे ‘गोडा मसाला’, ‘थालीपीठ भाजणी’ ठळक लिहा आणि ब्रँडचं नाव वर साधं ठेवा. मला हीच वाटणी योग्य वाटते, कारण पदार्थाचं वर्णन करणारं नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 मुळे सहसा नोंदवता येत नाही. ते सगळ्यांचंच असतं.

नोंदणीआधी ipindia च्या सार्वजनिक शोधात नाव तपासताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. फोनवरच्या परीक्षेत लोकांनी जी जी स्पेलिंगं टाइप केली, ती सगळी टाका, आणि ‘Phonetic’ शोधही घ्या. ‘ग्लुव्हिटा’ बिस्किटांची नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली ‘ग्लुकोव्हिटा’शी साम्य असल्याने नाकारली होती, दोन्ही नावं कागदावर वेगळी दिसत असली तरी सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या आठवणीत ती एकमेकांत मिसळतील, हा विचार त्यामागे होता. मसाले, पिठं आणि चटण्या वर्ग 30 मध्ये येतात, लोणचं वर्ग 29 मध्ये. लोणचं पुढे करायचं असेल तर दोन्ही वर्ग तपासा; शुल्क प्रत्येक वर्गाचं वेगळं आहे. देवनागरीतलं नाव नोंदवायचं असलं तरी पाकिटावरचं रोमन स्पेलिंग त्याआधी पक्कं करा. अर्ज केल्यावर नावापुढे ™ लावता येतं. नोंदणी पूर्ण होईपर्यंत ® मात्र सिलिंडरवर कोरू नका. नोंदणी नसताना ते वापरलं तर कलम 107 खाली दंड होऊ शकतो.