कच्च्या नोंदींतून सभेचा नीट आराखडा

तायांनो, सभा चालू असताना सचिव ताई भराभर लिहीत असते. एक बाई बचतीचं बोलते, दुसरी कर्जाचं, तिसरी मध्येच गिरणीचं काढते. जसं बोलणं तशी नोंद. महिन्याने ती वही उघडली की “ठरलं तरी काय होतं?” यावरूनच वाद होतो. म्हणून कच्ची नोंद इतिवृत्त वहीत उतरवण्याआधी तिचा आराखडा करायचा. नमुन्यादाखल ही एक कच्ची नोंद घेऊ (नावे नमुन्यापुरती):

*“९ जणी हजर. लता, शोभा नाही. बचत ९०० जमा. सुनंदाला शेळीसाठी १५ हजार पाहिजे. मंदा म्हणाली मागचे २ हप्ते थकलेत. सुनंदा भरते म्हणाली. देऊ ठरलं. पासबुक भरायचं राहिलंय. पिठाची गिरणी घ्यायची का, भाव काढायचा, कविताचा भाऊ सांगेल. लताची २ महिने बचत नाही, कोणीतरी भेटा. पुढची सभा १० तारखेला.”*

पहिली पायरी: प्रत्येक वाक्याला खूण करा

समासात एकेक अक्षर लिहा. नुसती माहिती किंवा चर्चा असेल तर “च”, निर्णय असेल तर “नि”, कोणीतरी करायचं काम असेल तर “का”. “९ जणी हजर” ही माहिती, म्हणून “च”. “पासबुक भरायचं” हे “का”. “गिरणी घ्यायची का” ही फक्त चर्चा आहे. तिथे “गिरणी घेण्याचे ठरले” असं लिहिलं, तर न झालेला निर्णय वहीत जातो आणि खाली सगळ्यांच्या सह्या होतात.

दुसरी पायरी: विषयावार मथळे द्या

बोलण्याचा क्रम सोडा. एका विषयाचं सगळं एका मथळ्याखाली आणा. एका मुद्द्यात एकच गोष्ट लिहा.

हजेरी व बचत
- एकूण ११ पैकी ९ हजर. गैरहजर: लता, शोभा.
- प्रत्येकी १०० रुपयेप्रमाणे ९०० रुपये जमा.
- लताची २ महिन्यांची बचत बाकी.

कर्ज
- सुनंदाची मागणी: शेळीसाठी १५,००० रुपये.
- तिचे मागील २ हप्ते थकीत.
- निर्णय: कर्ज द्यायचे. (कधी?)

बँक
- पासबुक भरून घेणे बाकी.

गिरणी
- चर्चा झाली, निर्णय नाही. आधी भाव विचारायचा.

पुढील सभा
- १० तारखेला.

लताची बाब कच्च्या नोंदीत शेवटाकडे होती, ती इथे बचतीजवळ आली.

तिसरी पायरी: कामांचा तक्ता करा

ज्या वाक्यांना “का” आहे, तेवढीच इथे घ्या. नोंदीत जे नाही ते मनाने भरू नका. तिथे प्रश्नचिन्ह टाका.

| काम | कोण करणार | कधीपर्यंत | झाले का |
|---|---|---|---|
| थकीत २ हप्ते भरणे | सुनंदा | ? | |
| पासबुक भरून आणणे | ? | ? | |
| गिरणीचा भाव विचारणे | कविता? | ? | |
| लताला भेटणे | ? | ? | |

बघा, चारही कामांना तारीख नाही. “कोणीतरी भेटा” म्हणजे कोणीच भेटणार नाही. नोंदीत कविताचा भाऊ सांगेल एवढंच आहे, विचारायचं काम कविताने अंगावर घेतलं की नाही ते कळत नाही.

सगळ्यात मोठी खोच कर्जाची आहे. “देऊ ठरलं” म्हणजे हप्ते भरल्यावर, की आत्ताच? सुनंदा आत्ताच समजली तर शेळीवाल्याला इसार देऊन बसेल, आणि बाकीच्या म्हणतील आधी हप्ते भर. इसार बुडाला तर भांडण समूहात येईल.

चौथी पायरी: बायका उठायच्या आत विचारा

शेवटची दहा मिनिटं यासाठी ठेवा. तक्ता मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाला उत्तर घ्या: एका कामाला एकच नाव, आणि “लवकर” ऐवजी तारीख. कर्जाचा निर्णय सुनंदासमोर पुन्हा बोलून घ्या आणि पूर्ण वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, “थकीत २ हप्ते भरल्यानंतर पुढील सभेत १५,००० रुपये देण्याचे ठरले.” बायका निघून गेल्या असतील, तर सचिवाने आपल्या मनाने अर्थ लावू नये. तो मुद्दा पुढच्या सभेच्या पहिल्या विषयात घ्यावा.

आता हा आराखडा इतिवृत्त वहीत उतरवा, मग सह्या घ्या. सह्या झाल्यावर खाडाखोड नको. कर्जाचा ठराव मात्र सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसह वेगळा लिहावाच लागतो. तक्ता त्याची जागा घेत नाही.

पुढच्या सभेत हजेरीनंतर हाच तक्ता वाचा. शेवटच्या रकान्यात “झाले” किंवा “बाकी” लिहा. जे बाकी असेल ते नव्या तारखेसह नव्या तक्त्यात पहिल्या ओळीवर घ्या.