फ्रीजमधील कणीक : काळवंडणे आणि आंबणे

अम्लपित्ताच्या रुग्णांना आहाराविषयी विचारताना आम्ही तिखट, चहा, जागरण यांची चौकशी करतो. पोळीची कणीक केव्हा मळली, हे सहसा विचारत नाही. आमच्याकडे आलेल्या एका नोकरदार रुग्णेमुळे ही उणीव ध्यानात आली. त्या रविवारी रात्री तीन दिवसांची कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवीत आणि उरलेला गोळा पुढच्या ताज्या कणकेत मिसळून टाकीत. ‘‘वरचा काळा भाग मी काढून टाकते,’’ असे त्यांनी आवर्जून सांगितले. आम्ही त्यांना डबा घेऊन यावयास सांगितले. गोळा वरून करडा होता, परंतु मधोमध कापल्यावर आत बारीक छिद्रे दिसली आणि आंबूस वास आला. म्हणजे टाकण्याजोगी आतील कणीक त्या वापरीत होत्या आणि तुलनेने निरुपद्रवी असा वरचा थर टाकीत होत्या.

कणकेचे काळवंडणे व आंबणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. गव्हाच्या कोंड्यात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. पाणी व हवा मिळताच त्याच्यामुळे कोंड्यातीलच फिनॉलयुक्त द्रव्यांपासून गडद रंगद्रव्ये बनतात. चिरलेले वांगे काळे पडते, तसाच हा प्रकार. थंडीने तो मंदावतो, थांबत नाही. म्हणून चक्कीवरच्या कोंडायुक्त पिठाची कणीक लवकर काळवंडते, मैद्याची फारशी नाही. आणि रंग प्रथम हवा लागणाऱ्या पृष्ठभागावरच येतो. गोळ्याला तेलाचा हात लावून, त्याला जेमतेम पुरेल अशा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास रंग बराच कमी बदलतो. आदल्या दिवशीच्या कणकेस वास नसेल, ती चिकट झाली नसेल, तर केवळ करडेपणामुळे ती टाकण्याचे कारण नाही.

आंबणे हे मात्र जिवाणूंचे व किण्वांचे (यीस्टचे) काम. पीठ निर्जंतुक नसते. कोरडे असताना त्यातील सूक्ष्मजीव निद्रिस्त राहतात आणि पाणी मिळताच जागे होतात. लॅक्टिक आम्ल बनविणाऱ्या जिवाणूंमुळे आंबटपणा येतो, वायूमुळे छिद्रे पडतात. त्याच वेळी पिठातील विकरे स्टार्च व ग्लुटेन यांचे विघटन करीत असल्याने कणीक सैल होते, तिला पाणी सुटते, पोळी लाटताना फाटते. आमच्या रुग्णेच्या घरी जुना गोळा नव्या कणकेत जाई, म्हणजे प्रत्येक वेळी विरजणच लागत होते! नवी कणीक मग दुसऱ्याच दिवशी आंबू लागे.

संहितांच्या परिभाषेत हिला काय म्हणावे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील इंद्रियोपक्रमणीय अध्यायात पर्युषित अन्नाचा निषेध आहे, तोही काही अपवादांसह. परंतु पर्युषित ही संज्ञा मुख्यतः शिजवलेल्या, शिळ्या अन्नाची. कच्च्या कणकेस ती सरसकट लावणे आम्हास योग्य वाटत नाही. आंबलेली कणीक मात्र शुक्ताच्या जवळ जाते, आणि अम्लपित्ताच्या रुग्णाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे. (कांजी हेतुपूर्वक, विधीने आंबविली जाते, तिचा दाखला येथे देऊ नये.)

मग किती काळ ठेवावी? फ्रीजचे तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअस असेल, तर साध्या पाण्यात मळलेली कणीक २४ तासांत संपवावी, असे आम्ही सांगतो. थंड पाणी, चिमूटभर मीठ व स्वच्छ कोरडा डबा असल्यास ती ४८ तासही टिकू शकते; पण अम्लपित्ताचे रुग्ण, लहान मुले व गर्भिणी यांच्यासाठी आम्ही ही सवलत देत नाही. मळल्यावर ती दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये, उन्हाळ्यात एका तासाहून अधिक नको. किलोभर कणकेचा एकच मोठा गोळा मध्यभागी फार वेळाने थंड होतो, म्हणून एकेका वेळेपुरते चपटे गोळे करावेत. वीज बराच वेळ गेली असेल, तर तासांचा हा हिशेब धरू नये. हिरवे, काळे वा गुलाबी ठिपके दिसल्यास तेवढाच भाग काढून चालत नाही, सारी कणीक टाकावी. तव्यावर सारे जंतू मरतात, हा समजही अपुरा आहे. काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष तव्याच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही.

तीन दिवसांची सोय हवीच असेल, तर कणकेऐवजी अर्धवट भाजलेल्या पोळ्या थंड करून फ्रीझरमध्ये ठेवणे बरे.

या रुग्णेस आम्ही रोज रात्री फक्त दुसऱ्या दिवसापुरती, सुमारे ३०० ग्रॅम पिठाची कणीक मळण्यास आणि उरलेली कणीक नव्यात न मिसळण्यास सांगितले. तीन आठवड्यांत आंबट ढेकर कमी झाले. त्याच काळात रात्रीचा चहाही बंद केला होता व औषधही चालू होते, त्यामुळे श्रेय केवळ कणकेला देता येत नाही. तेव्हापासून केसपेपरवर आहाराच्या रकान्यात आम्ही ‘कणीक केव्हा मळता?’ हा प्रश्न लिहून ठेवला आहे.